बिजागरीच्या बाजूला उभा राहिलेला मोती

बाहेर जायची वेळ झाली की मोती अजूनही शेपूट हलवत दाराशी जातो. फक्त उभा राहतो तो चुकीच्या बाजूला. दार जिथून उघडतं तिथे नाही, तर बिजागरीपाशी, भिंत आणि दाराच्या फटीत नाक खुपसून. दार उघडलं, वाट शेजारीच मोकळी झाली, तरी ते त्याच्या लक्षात येत नाही. चौदा वर्षं तो रोज दोनदा याच दारातून बाहेर पडलेला आहे.

दिवसा हे हसण्यावारी नेता येतं. रात्री नाही. दोनच्या सुमाराला टाइल्सवर नखांची टकटक सुरू होते. दिवाणखान्यातून स्वयंपाकघर, तिथून बाल्कनीचं दार, तिथून परत. मध्येच आवाज थांबतो, कारण मोती सोफा आणि भिंतीच्या मधल्या बोळात शिरलेला असतो आणि मागे कसं सरायचं हे त्याला सुचत नसतं. मग तो रडायला लागतो. घरातल्या आजी उठतात, त्याला बाहेर काढतात, पाणी दाखवतात, थोपटतात. वीस मिनिटांनी टकटक पुन्हा सुरू. कुत्रं रात्री रडणं अशुभ, असं शेजारचं कुणीतरी बोलून जातं आणि आजींच्या जिवाला आणखी एक घोर लागतो.

मोती हा कुणा एका घरचा कुत्रा नाही. म्हाताऱ्या कुत्र्यांची माणसं पशुवैद्यांकडे जे सांगत येतात, त्यावरून रचलेलं हे उदाहरण आहे. वजन अठरा किलो, गावठी जात, तिसऱ्या मजल्यावरचं घर. या लक्षणांना पशुवैद्यकात नाव आहे : कॅनाइन कॉग्निटिव्ह डिस्फंक्शन. सोप्या शब्दांत कुत्र्यांचा स्मृतिभ्रंश.

हा आजार दुर्मीळ नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अकरा-बारा वर्षांच्या कुत्र्यांपैकी 28 टक्क्यांमध्ये, तर पंधरा-सोळा वर्षांच्या कुत्र्यांपैकी 68 टक्क्यांमध्ये याचं निदान एक तरी लक्षण आढळलं होतं. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 मध्ये आठ वर्षांपुढच्या कुत्र्यांची पाहणी केली, तेव्हा सुमारे 14 टक्के कुत्र्यांना हा आजार असावा असा अंदाज निघाला. पण डॉक्टरांनी निदान केलेले कुत्रे होते जेमतेम 2 टक्के. बाकीच्यांच्या घरी बहुधा तेच म्हटलं जात असणार, जे आपल्याकडेही म्हणतात : म्हातारा झालाय, चालायचंच.

डोक्यात नेमकं काय होतं

माणसाच्या अल्झायमर्समध्ये मेंदूत बीटा-अमायलॉइड नावाच्या प्रथिनाची पुटं साचतात. कुत्र्याच्या शरीरातलं हे प्रथिन माणसाच्या प्रथिनासारखंच, अगदी घटकांच्या क्रमासकट, आणि वय झालं की तेही तसंच साचतं. मेंदू आक्रसतो, त्यातल्या पोकळ्या मोठ्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीही खराब होतात. एक मोठा फरक मात्र आहे. अल्झायमर्समध्ये मेंदूपेशींच्या आत धाग्यांचे जे पक्के गुंते होतात, ते कुत्र्यांमध्ये सहसा दिसत नाहीत. म्हणजे दोन्ही आजार सख्खे भाऊ नव्हेत, पण एकाच घराण्यातले आहेत.

रात्रीच्या येरझारांचा उलगडा मात्र झोपेच्या अभ्यासातून होतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2023 मध्ये 28 वयस्क कुत्र्यांच्या झोपेचा अभ्यास प्रसिद्ध केला. या कुत्र्यांना आधी हळूहळू सवय लावली, मग शांत खोलीत दुपारच्या डुलकीच्या वेळी त्यांच्या डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी टिपल्या. ज्या कुत्र्यांमध्ये स्मृतिभ्रंशाची लक्षणं जास्त, त्यांना झोप लागायलाच उशीर होत होता आणि ते झोपतही कमी होते. गाढ झोपेत मेंदूत ज्या संथ, मोठ्या लहरी उमटतात, त्याही अशा कुत्र्यांमध्ये क्षीण झालेल्या होत्या.

मोती रात्री दोनला उठतो ती खोड नाही आणि हट्टही नाही. गाढ झोपेत शिरण्याची मेंदूची रीतच मोडकळीला आलेली असते. त्यात अंधार, अधू झालेली नजर आणि घरातले सगळे आवाज बंद. दिवसभर भांड्यांचा, टीव्हीचा, माणसांच्या पावलांचा आवाज त्याला आपण कुठे आहोत हे सांगत असतो. रात्री हा आधारही जातो.

आधी बाकीच्या चोरांना पकडायचं

स्मृतिभ्रंश ओळखणारी एखादी रक्ततपासणी रोजच्या दवाखान्यात होत नाही. बाकीची कारणं एकेक बाद करत डॉक्टर या निदानापर्यंत येतात. आणि इथेच घरच्यांच्या हातून मोठी चूक होते. ‘वय झालं’ म्हटलं की शोध थांबतो आणि बरी होण्याजोगी दुखणी तशीच राहतात. रात्री जागणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत तीन गोष्टी आधी तपासायच्या असतात.

पहिली, वेदना. सांधे दुखणारा कुत्राही रात्रभर उठबस करतो. पण त्याची तऱ्हा वेगळी असते. तो पडतो, कूस बदलतो, उठतो, जागा बदलतो, पुन्हा पडतो. सकाळी पहिली पाच-दहा पावलं आखडून टाकतो, जिन्यापाशी घुटमळतो, मागच्या पायांवर उठताना कष्ट घेतो. स्मृतिभ्रंशाचा कुत्रा झोपायची धडपड करत नाही, तो फिरतच राहतो. दोन्ही एकाच वेळी असणंही अगदी सहज घडतं, म्हणून डॉक्टर अनेकदा काही दिवस वेदनाशामक देऊन रात्रीत फरक पडतो का ते पाहतात. हे औषध डॉक्टरांनीच द्यायचं. घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी कुत्र्याच्या पोटात व्रण करते, मूत्रपिंडं निकामी करू शकते.

दुसरी, लघवी. मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह, कुशिंग्ज किंवा मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग असला तर कुत्र्याला रात्री उठावंच लागतं. याची एक तपासणी घरी करता येते. सकाळी मोजून पाणी ठेवायचं आणि चोवीस तासांनी उरलेलं मोजायचं. दर किलो वजनामागे शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी जात असेल तर ते नक्कीच जास्त आहे. अठरा किलोच्या मोतीसाठी ही रेघ पावणेदोन लिटरच्या आसपास येते. लघवी आणि रक्ताची तपासणी, शक्य असेल तिथे रक्तदाबही पाहावा.

तिसरी, डोळे आणि कान. मोतीबिंदू झालेला किंवा बहिरा झालेला कुत्रा गोंधळलेला वाटू शकतो. पण नुसत्या आंधळ्या कुत्र्याला घराचा नकाशा पाठ असतो आणि सामान हलवलं नाही तर तो बेताने नीट वावरतो. स्मृतिभ्रंशात तो नकाशाच पुसट होतो.

आणखी एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे : वेग. स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने पावलापावलाने येतो. काल ठीक असलेला कुत्रा आज मान एका बाजूला कलती करून पडत असेल, बुबुळं झरझर हलत असतील, तो एकाच बाजूला गोल फिरत असेल किंवा त्याला झटका आला असेल, तर ते दुसरं काही आहे. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

घरच्यांना नेमकं काय बघायचं हे कळावं म्हणून सिडनीच्या याच संशोधकांनी तेरा प्रश्नांची एक यादी तयार केली. त्यातले प्रश्न कुणालाही उत्तर देता येईल इतके साधे आहेत. तो किती वेळा भिंतीकडे किंवा जमिनीकडे टक लावून बघत बसतो? सामानामागे अडकून पडतो का? भिंतीला, दाराला धडकतो का? ओळखीच्या माणसांना ओळखत नाही असं होतं का? कुरवाळताना निघून जातो का? जमिनीवर पडलेला घास त्याला सापडतो का, आणि सहा महिन्यांपूर्वी सापडत होता का? प्रत्येक उत्तराला गुण असतात आणि बेरीज पन्नास किंवा त्याहून जास्त झाली तर स्मृतिभ्रंशाची शक्यता मोठी मानतात. दर तीन-चार महिन्यांनी हीच उत्तरं पुन्हा लिहिली तर घसरणीचा वेगही समजतो.

मोतीच्या आजींना डॉक्टरांनी सांगितलं, “आजी, दवाखान्यात तो घाबरून शहाण्यासारखा उभा राहतो, मला काहीच दिसत नाही. रात्री तो फिरायला लागला की मोबाइलवर दोन मिनिटांचं चित्रण करा. आणि कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहिता ना, त्याच चौकटीत रात्री तो किती वाजता उठला ते लिहा.” दोन आठवड्यांच्या नोंदींतून दोन गोष्टी निघाल्या. मोतीच्या मागच्या दोन्ही पायांत संधिवात होता. आणि घरातले सगळे कामावर गेले की सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत तो जवळजवळ सलग झोपत होता.

रात्र सुधारायची तर दिवसापासून

दिवसाची झोप काढून घेतली म्हणजे रात्रीची मिळाली, असं सरळ गणित इथे नाही. म्हाताऱ्या कुत्र्याला दिवसाही भरपूर झोप लागते आणि ती त्याला मिळालीच पाहिजे. बदलायचं आहे ते एवढंच, की दिवस आणि रात्र यांतला फरक मेंदूला पुन्हा ठळक कळावा.

मोतीच्या घरी सकाळी सातला वीस मिनिटं उन्हात चक्कर सुरू झाली. सकाळचा उजेड शरीरातल्या घड्याळाला वेळ लावून देतो. मोती लंगडत असेल त्या दिवशी चालायचं नाही, इमारतीच्या आवारात नुसतं बसायचं, पण उन्हात. अकरा वाजता आजी जुन्या टॉवेलच्या घड्यांमध्ये पोळीचे दहा-बारा बारीक तुकडे लपवतात आणि मोती नाकाने ते हुडकून काढतो. नजर आणि कान गेले तरी बहुतेक कुत्र्यांचं नाक बरंच टिकून असतं, म्हणून डोक्याला काम द्यायचं ते नाकावाटे. चार वाजता त्याला हळूच उठवून पुन्हा पाच-दहा मिनिटांचा असाच खेळ. संध्याकाळी साडेसहाला दुसरी चक्कर, रोज त्याच वाटेने. त्याला प्रत्येक खांब हुंगायचा असेल तर हुंगू द्यायचा. अंतर महत्त्वाचं नाही.

अशा दिनक्रमाचा उपयोग होतो याला आधार आहे. बीगल जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांवर दोन वर्षांहून अधिक काळ चाललेला एक प्रयोग 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्र्यांचे चार गट केले होते. एका गटाला अँटिऑक्सिडंट घटकांनी समृद्ध केलेला आहार, दुसऱ्याला सोबतीला दुसरा कुत्रा, खेळणी, फिरणं आणि डोक्याला चालना देणारी कामं, तिसऱ्याला हे दोन्ही, चौथ्याला यातलं काहीच नाही. शिकण्याच्या परीक्षांमध्ये दोन्ही मिळालेला गट सगळ्यांत पुढे राहिला. गेलेली स्मृती यातून परत येत नाही, पण घसरण मंदावते.

आहाराबद्दल सध्या एक समज जोरात आहे की खोबरेल तेल घातलं की कुत्र्याचा मेंदू सुधारतो. याचं मूळ खऱ्या संशोधनात आहे. म्हाताऱ्या मेंदूला साखरेपासून ऊर्जा घेणं जड जातं, तेव्हा मध्यम लांबीच्या साखळीची मेदाम्लं, म्हणजे एमसीटी, त्याला दुसरं इंधन पुरवतात, आणि साडेपाच टक्के एमसीटी असलेल्या आहाराने म्हाताऱ्या बीगल कुत्र्यांच्या चाचण्यांचे निकाल सुधारल्याचं 2010 मध्ये दाखवलं गेलं. पण खोबरेलात मुख्य मेदाम्ल लॉरिक असतं आणि ते या कामाला तेवढं उपयोगी नाही. चमचा-चमचा तेल वाढवत नेलं तर हाती लागतात जुलाब, वाढलेलं वजन, कधी स्वादुपिंडाची सूज. तयार आहार किंवा शुद्ध एमसीटी तेल द्यायचं तर डॉक्टरांना विचारून, थोड्यापासून सुरुवात करून.

घर त्याच्या नजरेने

मोतीच्या घरात सगळ्यांत आधी बदलली ती फरशी. गुळगुळीत टाइल्सवर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय फाकतात, एकदा पडला की तो घाबरतो आणि घाबरला की जास्त भरकटतो. अंथरुणापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून दारापर्यंत खाली रबर असलेले पट्टे आणि योगासनांच्या जुन्या मॅट टाकून सलग वाट केली. साधी सतरंजी नको, ती पायाखालून सरकते. सोफ्यामागचा बोळ, कपाट आणि भिंतीमधली फट, पलंगाखालची जागा उश्या आणि खोकी लावून बंद केली. बाल्कनीला आणि जिन्याला फाटक. सामान आहे तिथेच राहणार, दिवाळीची साफसफाई केली तरी खुर्ची पुन्हा जागच्या जागी.

रात्रीसाठी झिरोचे दोन दिवे लागले, एक अंथरुणाजवळ, एक दाराच्या वाटेवर. अंधारात हरवणाऱ्या कुत्र्याला एवढा उजेडही पुरतो. अंथरूण आजींच्या खाटेशेजारी आलं, कारण श्वासाचा आवाज आणि ओळखीचा वास हाताशी असला की मोती लवकर शांत होतो. आठ वाजता जेवण, झोपण्याआधी एखादा छोटा घास, पावणेअकराला शेवटची लघवी. पाणी मात्र काढून घ्यायचं नाही. मूत्रपिंड दुबळं झालेल्या कुत्र्याचं पाणी तोडणं धोक्याचं आहे.

एवढं करूनही तो दोनला उठलाच तर? आजींना ठरलेला क्रम दिला होता. मोठा दिवा लावायचा नाही. रागवायचं नाही, खेळायचं नाही, खायला द्यायचं नाही, कारण रात्री दोनला बिस्कीट मिळतं एवढं शिकण्याइतका मेंदू अजून शाबूत असतो. लघवीला न्यायचं, परत आणायचं, अंथरुणावर बसवून छातीवर हात ठेवायचा. तो झोपलेला असताना मात्र एकदम हात लावायचा नाही. कमी ऐकू येणारा, गोंधळलेला कुत्रा दचकून चावू शकतो. आधी नाकाजवळ हात न्यायचा, वास येऊ द्यायचा. घरात लहान मूल असेल तर हे त्याला नक्की शिकवायचं.

गोळ्यांकडून किती अपेक्षा ठेवायची

कुत्र्यांच्या स्मृतिभ्रंशासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1998 मध्ये सेलेजिलिन या औषधाला मान्यता दिली. माणसांच्या पार्किन्सन्सवरही हेच औषध वापरतात. ते सकाळी देतात, कारण रात्री दिलं तर झोप उडू शकते. परिणाम दिसायला महिना-दोन महिने लागतात आणि सगळ्याच कुत्र्यांना गुण येतो असं नाही.

या औषधाचं एक पथ्य आपल्याकडच्या घरांनी लक्षात ठेवायलाच हवं. गोचिडांसाठी कुत्र्याच्या अंगाला लावायच्या काही द्रावणांत अमिट्राझ असतं. सेलेजिलिन आणि अमिट्राझ एकत्र चालत नाहीत. ट्रामाडॉल हे वेदनाशामक आणि नैराश्यावरची अनेक औषधंही त्यासोबत धोक्याची ठरतात. म्हणून डॉक्टरांना कुत्र्याला चालू असलेलं सगळं सांगायचं, गोचिडांच्या औषधाच्या बाटलीसकट.

रात्रीच्या अस्वस्थतेसाठी डॉक्टर मेलाटोनिन, गॅबापेंटिन किंवा ट्रॅझोडोन यांतलं काही सुचवू शकतात. मेलाटोनिनच्या माणसांसाठीच्या चघळायच्या गोळ्यांत आणि काही पातळ औषधांत गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं असतं. ते कुत्र्यासाठी विष आहे, रक्तातली साखर झपाट्याने उतरवतं. तेव्हा डबीवरचे घटक वाचल्याशिवाय काही द्यायचं नाही. गुंगी येते म्हणून सर्दी-खाजेच्या जुन्या गोळ्या देण्याचा सल्ला ओळखीपाळखीत मिळतो, तोही टाळायचा. या गोळ्यांतल्या काही मेंदूतल्या ज्या रसायनाला अडवतात, ते या आजारात आधीच घटलेलं असतं, त्यामुळे गोंधळ वाढू शकतो.

मोतीच्या बाबतीत सांध्यांचं वेदनाशामक आणि नवा दिनक्रम यांनीच पहिला फरक पडला. कालनिर्णयवर पहिल्या आठवड्यात सातही रात्रींवर वेळा लिहिलेल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात तीन चौकटी कोऱ्या राहिल्या, म्हणजे तीन रात्री घर सलग झोपलं. दुसऱ्या महिन्यात सेलेजिलिन सुरू झालं. तेव्हापासून बहुतेक आठवड्यांत चार-पाच चौकटी कोऱ्या असतात. दाराशी तो अजूनही बिजागरीच्या बाजूलाच उभा राहतो. त्याला पट्ट्याने अलगद वळवून घ्यायचं, ही सवय आता घरच्यांनी लावून घेतली आहे.

हा आजार थांबत नाही, म्हणून डॉक्टरांनी याच नोंदींत आणखी तीन गोष्टी लिहायला सांगितल्या आहेत : आज तो आपणहून जेवला का, घरातल्या कुणाला तरी पाहून शेपूट हलवली का, आणि जागेपणी भ्यालेला वेळ जास्त होता की शांत वेळ. पुढे कधीतरी दयामरणाचा विचार करायची वेळ आलीच, तर तो एका वाईट रात्रीच्या थकव्यात होऊ नये, महिनाभराच्या चौकटी समोर ठेवून व्हावा, एवढ्यासाठी. आजी आता दुधाच्या लिटरांखाली रोज तीन बारीक खुणा करतात. गेल्या आठवड्यात शेपटीची खूण पाच दिवस होती, आणि त्यातल्या एका दिवशी पुढे लिहिलं आहे : धाकटा पुण्याहून आला, मोतीने ओळखलं.